आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला काय लिहायचं?

लग्नाचा 25 वा, 40 वा किंवा 50 वा वाढदिवस जवळ आला की मुलं हॉल बघतात, केक सांगतात, जुने फोटो जमवतात आणि मजकुराचं काम आदल्या रात्रीवर ढकलतात. मग रात्री अकरा वाजता भावंडांच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतं, 'अरे, लिहायचं काय?' त्यातून बहुतेक वेळा असं काहीतरी तयार होतं: 'आदरणीय आई-बाबा, आपल्या सहजीवनाची 40 वर्षे पूर्ण झाल्याबद्दल हार्दिक शुभेच्छा. आपण आमचे आदर्श आहात. आपल्या त्यागामुळेच आज आम्ही उभे आहोत. आपणांस उदंड आयुष्य लाभो.'

यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण हाच मजकूर शेजारच्या काका-काकूंना पाठवला तरी चालेल, आणि तिथेच तो फसतो. आई तो वाचून 'छान लिहिलंय' म्हणते आणि पाहुण्यांना वाढायला उठते. आपल्या घराशिवाय दुसऱ्या कुणालाही लागू पडणार नाही असं एक तरी वाक्य मजकुरात हवं. ते डोकं खाजवून सुचत नाही, शोधावं लागतं.

शोधायच्या जागा घरातच असतात. लग्नाची पत्रिका आणि अल्बम तर असतोच, पण त्याहून बोलकी असते ती आहेराची वही. कुणी 11 रुपये दिले, कुणी स्टीलचा डबा दिला, एकाच लग्नात किती भिंतीवरची घड्याळं आली, सगळं त्यात ओळीनं लिहिलेलं असतं. काही घरांत कालनिर्णयची जुनी पानं जपून ठेवलेली असतात आणि तारखांच्या चौकटींत दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, मुलांच्या परीक्षा अशी आईच्या अक्षरातली नोंद सापडते. आणि सगळ्यात मोठा साठा म्हणजे मावशी आणि आत्या. त्यांना फोन करून 'एखादी आठवण सांग ना' म्हटलं तर त्या 'काय सांगू गं, फार चांगली माणसं' एवढंच म्हणतील. प्रश्न नेमका विचारावा लागतो. लग्नाच्या दिवशी काय गोंधळ झाला? दोघं कशावरून भांडायची? बाहेर जायचं ठरलं की घरात काय चालायचं?

एक उदाहरण घेऊन बघू. समजा, आई-बाबांचं लग्न 1985 च्या मे महिन्यात झालं. बाबा कोल्हापूरचे, वीज मंडळातून निवृत्त झालेले. आई माहेरची सांगलीची, प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. मुलं दोन, मोठी मुलगी पुण्यात आणि धाकटा मुलगा बंगळूरमध्ये. चाळिसाव्या वाढदिवसाला घरच्या पंधरा-वीस माणसांत वाचायला मजकूर हवाय.

मुलीनं मावशीला फोन केला. लग्नातल्या गोंधळाचं विचारताच मावशी सुरू झाली. सीमांतपूजनाला वऱ्हाड संध्याकाळी सहाला यायचं होतं, ते दुपारी तीनलाच दारात हजर. मांडवाचं कापड अजून बांधत होते आणि आजोबा बनियनवर नारळ सोलत बसले होते. नवरदेवानंच सगळ्यांना घाई करून लवकर काढलं, असं नंतर कळलं. मुलाला दुसरी गोष्ट आठवली. मुंबईला जायचं तर रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस असायची, पण बाबांच्या बॅगा दुपारी चारपासून दाराशी. आणि सगळे रिक्षात बसले की आई 'गॅस बघून येते' म्हणून पुन्हा जिना चढणार.

तिसरी गोष्ट एकदम वेगळी निघाली. मुलगी पुण्याला होस्टेलवर राहायची तेव्हा दर रविवारी कोल्हापूरहून एसटीनं डबा यायचा. कापडात बांधून, वर सुतळीची गाठ, गाठीखाली नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. बाबा तो कंडक्टरच्या हवाली करायचे आणि मुलगी दुपारी स्वारगेटला जाऊन घ्यायची. गाडी सकाळी सहाची, बाबा पाचलाच स्टँडवर.

इथे मजकूर जुळला. ज्या सवयीची थट्टा करायची, आभारही त्याच सवयीचे मानायचे. बाबांची घाई आणि आईचं पुन्हा पुन्हा बघणं यांना हसून झालं की तीच घाई आणि तीच काळजी डब्यातून पुण्याला कशी पोचत होती ते सांगायचं. पुष्कळ मजकुरांत आधी विनोद येतो, मग 'पण गंमत बाजूला ठेवू' म्हणून गंभीर परिच्छेद चिकटवला जातो आणि ऐकणाऱ्याला तो सांधा जाणवतो. दोन्हींचा धागा एकच असला की सांधा उरत नाही. दोघा भावंडांनी मिळून शेवटी लिहिलं ते असं:

'आई, बाबा,

तुमच्या सीमांतपूजनाला सहा वाजता यायचं वऱ्हाड तीन वाजताच दारात उभं होतं, हे मावशीनं आम्हाला परवा सांगितलं. म्हणजे बाबा, तुमची घाई आमच्या जन्माच्या आधीची आहे. आम्ही इतकी वर्षं उगाच स्वतःला दोष देत होतो.

तेव्हापासून आपण कुठेही निघालो की बाबा बॅगा घेऊन रिक्षात बसलेले असतात आणि आई, तू गॅस बघायला परत वर गेलेली असतेस. चाळीस वर्षांत आपली एकही गाडी चुकली नाही आणि एकदाही गॅस चालू राहिला नाही. याचं श्रेय कुणाचं, यावर तुमचं अजून एकमत झालेलं नाही.

ताई होस्टेलवर होती तेव्हा दर रविवारी सहाच्या एसटीनं डबा निघायचा. आई, तू चारला उठायचीस आणि झाकण नीट बसलंय ना ते तीनदा बघायचीस. बाबा, तुम्ही पाचलाच स्टँडवर जाऊन थांबायचात. दोन वर्षांत डबा एकदाही चुकला नाही आणि कालवण एकदाही सांडलं नाही. ताई म्हणते, त्या डब्यामुळे तिला पुणं परकं वाटलं नाही.

आता आम्ही दोघंही घरातून निघताना गॅस बघतो आणि स्टेशनवर तासभर आधी पोचतो. आमच्या घरचे वैतागतात. तुम्हाला लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा! रात्रीचं जेवण आठला आहे. बाबा, आठला.'

सावकाश वाचलं तर याला दीड-दोन मिनिटं लागतात. घरगुती कार्यक्रमात एवढं पुरे होतं, कारण लहान मुलं केकभोवती उभी असतात आणि आजी-आजोबांना फार वेळ एका जागी बसवत नाही. भावंडांनी एकेक परिच्छेद वाटून घेतला तर आणखी छान. डब्याचा परिच्छेद मुलानं वाचावा. स्वतःवर केलेल्या मायेबद्दल बोलताना गळा दाटतो आणि वाचन तिथेच थांबतं, भावानं बहिणीबद्दल वाचलं तर ते नीट पार पडतं.

यात आईला 'तू' आणि बाबांना 'तुम्ही' आहे, कारण त्या घरात तसं बोलतात. बाबांना 'अरे बाबा' म्हणणाऱ्या घरात तसंच लिहावं. दोघांना मिळून बोलायचं असेल तिथे 'तुम्ही'नं काम भागतं. 'आपण' आणि 'आपणांस' मात्र निमंत्रणपत्रिकेत शोभतं. रोज 'आई, चहा दे' म्हणणाऱ्या मुलानं एका संध्याकाळपुरतं 'आपण' म्हटलं की आईलाच अवघडल्यासारखं होतं.

थट्टा कशाची करायची हे ठरवताना मात्र फार जपावं लागतं, आणि सगळ्यात जास्त चुका इथे होतात. चांगली थट्टा त्या सवयीची होते जी आई-बाबा स्वतःच मिरवतात. बाबा स्वतःच चारचौघांत सांगत असतील की 'मी कधी गाडी चुकवली नाही', तर त्यावर हसायला हरकत नाही. चष्मा विसरणं, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणं, कमी ऐकू येणं हे विषय पंचावन्नाव्या वर्षी गमतीचे असतात. पंचाहत्तरीला त्यांच्या मनात त्याचीच धास्ती असते. तिथे हात लावू नये. थट्टा दोघांची सारखी हवी, हेही बघावं. पुष्कळ मजकुरांत आई नुसती राबणारी असते आणि बाबा नुसते तापट, ते ऐकताना आई खाली बघते आणि बाबा उसनं हसतात.

'त्याग' हा शब्द मी तर काढूनच टाकीन. आईनं काय सोडलं याचा हिशेब पाहुण्यांसमोर मांडला की ती आयुष्यभर हरतच आली असं वाटायला लागतं. तिला काय उत्तम येत होतं ते सांगावं. पाच तासांच्या एसटीच्या प्रवासात न सांडणारा डबा बांधणं हे कसब आहे आणि आईला त्याचं कौतुक ऐकायला नक्की आवडेल. पैशांच्या अडचणीच्या आठवणींचंही तसंच. फीसाठी बांगड्या गहाण ठेवल्याची गोष्ट मुलांना अभिमानाची वाटते, पण आई-बाबांनी ती काका-मामांपासून लपवलेली असू शकते. आधी विचारावं, आणि 'नको' आलं तर ती गोष्ट त्या दोघांना एकांतात सांगावी.

सून आणि जावई यांनी थट्टेच्या ओळी घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. मुलगी 'बाबांची घाई' म्हणते तेव्हा हशा पिकतो. तेच वाक्य सुनेच्या तोंडून आलं की कुणीतरी आत्या त्याचा वेगळा अर्थ लावते. सुनेनं किंवा जावयानं या घरात आल्यावर आपल्याला काय मिळालं ते दोन वाक्यांत सांगावं. ते त्यांच्याकडून जास्त गोड लागतं.

मजकूर झाला की तो एकदा मोठ्यानं वाचून बघावा, तोही घराबाहेरच्या एखाद्या मित्रापुढे. ज्या ओळीला 'म्हणजे झालं असं की' अशी पुस्ती जोडावी लागते ती ओळ काढावी. ज्या ओळीला मित्र हसतो आणि लगेच 'आमचे बाबा पण...' म्हणून स्वतःच्या घरचं सांगायला लागतो, ती राहू द्यावी.

फोनवर पाठवलेला मजकूर दोन दिवसांत फुलांच्या आणि फुग्यांच्या चित्रांखाली गाडला जातो. म्हणून तोच मजकूर एका कोऱ्या कागदावर हातानं, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात लिहून काढा, खाली तारीख आणि सगळ्या भावंडांच्या सह्या करा आणि वाचून झाल्यावर तो कागद आईच्या हातात द्या.