चित्रफितीच्या जाहिरातीचा जमाखर्च

कौटुंबिक पेढ्यांच्या चालकांपुढील व्याख्यानासाठी उदाहरण नंदुरबारच्या मिरचीबाजारातलेच घ्यावे. समजा, तिखट विकणाऱ्या एका पेढीने फेसबुकवरील चित्रफितीवर ६,००० रुपये खर्च केले आणि पडद्यावर ४०,००० दर्शने रुजू झाली. तेथे ३ सेकंद चाललेली फीतही जमेस धरली जात असल्याने, त्या आकड्याने हरखून पुढील रक्कम मंजूर करण्यापूर्वी १५ सेकंद अथवा अखेरपर्यंत पाहणारे किती, हे तपासावे. ते केवळ ४,००० निघाले, तर दोष बहुधा फितीच्या आरंभात असतो, रकमेच्या अपुरेपणात नव्हे.

खरा निवाडा पेढीच्या वहीतच होतो. जाहिरात पाहून १५ नवीन गिऱ्हाइकांनी माल मागवला, तर प्रत्येकामागे ४०० रुपये पडले. माल, वेष्टन व टपालहशील वजा जाता एका मागणीत १२० रुपये सुटत असतील, तर त्याच गिऱ्हाइकाने चौथ्यांदा माल मागवल्यावाचून हा खर्च वसूल होत नाही.

त्यातही उन्हाळ्यात, जेव्हा घरोघर वर्षाचे तिखट भरले जाते, तेव्हा जाहिरातीवाचूनही मागणी वाढतेच, आणि ती वाढ जाहिरातीच्या खाती मांडण्याचा मोह अनावर असतो. म्हणून पंधरवडाभर फीत धुळ्यात दाखवावी, जळगावात दाखवू नये, आणि दोन्हीकडील मागणीची त्याआधीच्या पंधरवड्याशी तुलना करावी. मात्र मागण्या दहा-पंधराच असतील, तर तो फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो, तेव्हा आणखी एक पंधरवडा तेवढ्याच रकमेवर थांबावे.