चार्टची भाषा : एकाच तासाच्या तीन कॅंडल

गेल्या आठवड्यात आपण कॅंडलचे चार भाव पाहिले: ओपन, हाय, लो, क्लोज. त्यावर हमखास येणारा प्रश्न असा, की शेअर तोच, दिवस तोच, तासाचा चार्टही तोच, मग एका ब्रोकरच्या ॲपवर सकाळची कॅंडल हिरवी आणि दुसऱ्याच्या ॲपवर लाल कशी? बहुतेक वेळा दोन्ही ॲप खरं तेच दाखवत असतात. तास कुठून मोजायला सुरुवात केली, एवढाच काय तो फरक.

आपला बाजार सव्वानऊला उघडतो आणि साडेतीनला बंद होतो, म्हणजे सहा तास पंधरा मिनिटं. याचे सरळ तास पडत नाहीत. कुठेतरी एक अपुरा तुकडा उरतोच. भारतीय बाजार डोळ्यासमोर ठेवून केलेला चार्ट ९.१५ पासून मोजतो: ९.१५ ते १०.१५, मग ११.१५, आणि शेवटी ३.१५ ते ३.३० अशी पंधरा मिनिटांची कॅंडल. दुसरा चार्ट घड्याळाचा तास धरतो. त्याची पहिली कॅंडल ९ ते १० ची असते; तीत खरे सौदे फक्त पंचेचाळीस मिनिटांचे. तिसरी तऱ्हा नवख्याला सर्वांत जास्त गोंधळात टाकते. काही सॉफ्टवेअर तासाची विभागणी जागतिक प्रमाणवेळेनुसार करतात. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे तिथला प्रत्येक तास आपल्याकडे ‘साडे’वर बदलतो. पहिली कॅंडल होते ८.३० ते ९.३० ची, आणि तीत सौदे जेमतेम पंधरा मिनिटांचे.

एक काल्पनिक सकाळ घेऊ. शेअर ५०० ला उघडला, ९.२२ ला ५०६ पर्यंत चढला, ९.३० ला ५०४ वर होता, ९.४० ला ४९८ पर्यंत घसरला, दहाला ४९९ आणि सव्वादहाला ५०३. पहिल्या चार्टवर कॅंडल हिरवी: ओपन ५००, क्लोज ५०३, वरखाली वात. दुसऱ्यावर हाय-लो तेच, पण क्लोज ४९९, म्हणून लाल. तिसऱ्यावर ५०० ते ५०४ अशी ठसठशीत हिरवी. ४९८ चा लो तिच्यात नाहीच, तो पुढच्या कॅंडलमध्ये गेला. ‘पहिल्या तासाच्या लोखाली स्टॉपलॉस’ लावणारे दोघे जण ४९८ आणि ५०० अशा वेगवेगळ्या भावांखाली बसतील. कॅंडल मोजूनही हे कळत नाही, कारण तिन्ही पद्धतींत दिवसाला सातच पडतात. अपुरी कॅंडल कुठे आहे ते पाहावं लागतं.

ओळखायची सोपी खूण म्हणजे दोन्हीकडे पंधरा मिनिटांचा चार्ट लावायचा. सव्वानऊ ही वेळ तिन्ही मोजणींत पंधराच्या हद्दीवरच येते, त्यामुळे या कॅंडल जुळायला हव्यात. त्या जुळल्या आणि तासाच्या जुळल्या नाहीत, तर दोष मोजणीचा. कॅंडलवर लिहिलेली वेळ सुरुवातीची आहे की शेवटची, तेही तपासा. दोन्ही प्रथा आहेत.

पंधरा मिनिटांच्याही जुळल्या नाहीत, तर आधी एकीकडे एनएसई आणि दुसरीकडे बीएसईचा भाव तर लावलेला नाही ना, ते पाहा. एक्स्चेंज एकच असेल, तर बहुधा भाव पोहोचवणाऱ्या फीडमध्ये फरक असतो. किरकोळ ग्राहकाच्या ॲपवर प्रत्येक सौदा येत नाही; ठरावीक अंतराने त्या क्षणाचा भाव येतो. मधल्या काळात एखादा सौदा ५०६.४० ला झाला आणि पुढचा भाव येईपर्यंत शेअर ५०५.८० वर आला, तर त्या मिनिटाच्या कॅंडलला तो हाय कळतच नाही. मात्र दिवसाचा हाय एक्स्चेंज वेगळा पाठवतं. म्हणून कधी कधी दिवसाचा हाय ५०६.४० दिसतो, पण एकाही मिनिटाच्या कॅंडलची वात तिथवर पोहोचत नाही.

दिवसाच्या कॅंडलचा हिशेब निराळा. तिचा ओपन सव्वानऊच्या आधीच्या प्री-ओपन सत्रात ठरतो, आणि तो भाग वगळणाऱ्या चार्टवर ९.१५ चा पहिला सौदा ओपन म्हणून येतो. शेअरचा अधिकृत क्लोजही अनेक वर्षांच्या पद्धतीनुसार शेवटचा सौदा नसून ३ ते ३.३० मधल्या सौद्यांची उलाढालीनुसार काढलेली सरासरी असतो. शेवटच्या मिनिटांत भाव झपकन हलला, तर मिनिटाच्या चार्टचा शेवट आणि दिवसाचा क्लोज यांत फरक दिसणारच.

तेव्हा आपल्या नियमांच्या वहीत नुसतं ‘पहिला तास’ लिहू नका, ‘९.१५ ते १०.१५’ असं लिहा, आणि नियम ज्या चार्टवर तपासलात त्याच चार्टवर वापरा.