दहा जोड्या आणि एक ओढणी

सकाळी कपाटासमोर उभं राहून आपण नेमकं काय करतो, कधी मोजून पाहिलंय? कुर्ता, पॅन्ट, ओढणी, चपला, पर्स अशा पाच वस्तू घ्या. कुर्त्याचं पॅन्टशी पटतं का? ओढणीशी? मग पॅन्टचं चपलांशी? पाच वस्तूंमध्ये अशा दहा जोड्या होतात. म्हणजे पाच पाहुणे जेवायला बोलवायचे आणि कोणाचं कोणाशी बिनसलंय हे दहा वेळा आठवून पाहायचं, आणि तेही सात-बाविसची लोकल गाठायची असताना. गोंधळ उडाला तर नवल काय!

आता गंमत बघा. या पाचपैकी चार वस्तू पांढऱ्या, काळ्या, राखाडी, बदामी किंवा नेव्ही ब्लू अशा शांत रंगांच्या घ्या आणि एकच वस्तू भडक. दोन भडक रंगांचं भांडण व्हायचं तर भडक रंग दोन हवेत ना? इथे तर एकच आहे. दहा जोड्या होत्या तशाच राहिल्या, पण दोन रंग एकमेकांवर उठतील अशी जोडी त्यात एकही उरली नाही. दुसरा भडक रंग आला की अशी एक जोडी तयार होते. तिसरा आला की तीन, चौथा आला की सहा. माणसं दर वेळी एकच वाढतात, पण रुसवे बघा कसे भराभर वाढतात!

आपल्याकडे हे गणित कोणी कागदावर न मांडताही वापरात होतं. पांढरं धोतर, पांढरा सदरा आणि डोक्याला गुलाबी फेटा. लांबून चालत येणारा माणूस आधी फेटा म्हणून दिसतो, मग माणूस म्हणून.

पण शांत रंग म्हणजे नक्की काय? नेव्ही ब्लू हा निळाच आहे की. बदामीत पिवळसर छटा आहे. तरी ते शांत का? कारण त्यांच्यात रंगाची मात्रा थोडी असते. बदामी म्हणजे पिवळा-नारिंगी, पण पुष्कळ पाणी घातलेला. नेव्ही म्हणजे निळा, पण जवळजवळ काळा होईपर्यंत गडद केलेला. रंग आहे, पण तो कुजबुजतोय. राणी, मोरपंखी, हळदी, डाळिंबी हे खड्या आवाजातले.

आणि इथे पहिला खरा चमत्कार आहे. खडा आवाज कुजबुजीत ठेवला की तो आणखी खडा होतो. 1997 साली रिचर्ड ब्राउन आणि डोनाल्ड मॅक्लाउड या संशोधकांनी रंगाचे अगदी सारखे ठिपके दोन पार्श्वभूमींवर ठेवले. एक एकसारखी राखाडी, दुसरी रंगीबेरंगी, पण सरासरी तेवढीच. ठिपका तोच, तरी राखाडीवर तो जास्त ठळक, जास्त रसरशीत दिसला आणि रंगांच्या गर्दीत फिका पडला. म्हणजे तुमची राणी रंगाची ओढणी राखाडी कुर्त्यावर खरोखरच जास्त राणी दिसते. नवीन घ्यायची गरज नाही, फक्त भोवतालची गर्दी हटवायची.

माझ्या मावसबहिणीने ठाण्यात हे करून पाहिलं. चार कुर्ते ठेवले, पांढरा, राखाडी, नेव्ही आणि मोतिया. खाली काळी, पांढरी आणि जीन्स. ओढण्या राणी, मोहरी आणि बाटलीहिरवी. चपला आणि पर्स दोन्ही साध्या तपकिरी. कपडे एकूण दहा. चार कुर्त्यांचे तीन पॅन्टशी बारा मेळ, आणि प्रत्येकावर तीन ओढण्या, म्हणजे छत्तीस! सकाळी तिला एकच प्रश्न उरला, आज ओढणी कुठली?

छत्तीस म्हटलं खरं, पण पहिल्याच आठवड्यात दोन मेळ बाद झाले. मोतिया कुर्ता आणि पांढरी पॅन्ट घातली, तर कुर्ता मळका दिसू लागला. तो स्वच्छ धुतलेला होता. दोन तानपुरे जवळजवळ एका सुरात लागलेत, पण एक केसभर उतरलेला, तेव्हा कानाला जसं होतं, तसं डोळ्याला झालं. फरक मोठा असता तर चाललं असतं. थोडासाच होता, म्हणून तो चूक वाटला. नेव्ही कुर्ता आणि काळी पॅन्ट यांचंही तेच. ट्यूबलाइटखाली दोन्ही काळे, स्टेशनच्या उन्हात एक निळा, आणि बघणाऱ्याला वाटतं अंधारात कपडे घातले. उरले दहा मेळ, तीस पोशाख. महिन्याचे कामाचे दिवस त्याहून कमीच भरतात.

हे टाळायचं कसं? खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, कपड्यावर कोरा पांढरा कागद ठेवा. एकट्याने पांढरा दिसणारा कुर्ता कागदाशेजारी पिवळट किंवा निळसर असल्याचं लगेच कळतं. पिवळट शांत रंग एका बाजूला, निळसर दुसऱ्या बाजूला. एवढी वाटणी एकदा केली की पुरे.

आणखी एक सापळा नक्षीचा. सात रंगांची बारीक फुलं असलेला कुर्ता भडक धरायचा की शांत? आरशापासून सहा पावलं मागे जा आणि डोळे किलकिले करा. फुलं विरघळून एकच करडा रंग उरला, तर तो शांत. एखादा रंग तेव्हाही टोचत राहिला, तर त्या दिवसाचा भडक रंग तोच. ओढणी साधी घ्या. आणि भडक रंग थोडक्याच जागेत हवा. अर्धं अंग त्यानेच भरलं की डोळा एका ठिकाणी थांबत नाही.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं, ते सांगते. शांत रंग तरी खरंच शांत बसतात का? पॅरिसच्या गोब्लाँ कारखान्यात 1824 साली मिशेल शेव्हरल नावाचा रसायनज्ञ रंगाईचा प्रमुख झाला. तक्रार आली की काळी लोकर फिकी पडते. त्याने ती इतर ठिकाणच्या लोकरींशी ताडून पाहिली, रंगाईत काही खोट नव्हती. खोट शेजाऱ्यांत होती! काळे धागे निळ्या-जांभळ्या कापडांच्या शेजारी विणले जात होते, आणि निळ्याच्या शेजारी काळ्यावर डोळ्यालाच निळ्याच्या उलट अशी नारिंगी-तपकिरी झाक दिसत होती. या शोधावर त्याने 1839 मध्ये जाडजूड ग्रंथ काढला.

मग मावसबहिणीच्या त्या राखाडी कुर्त्याचं काय होत असेल? लाल-राणी ओढणीशेजारी तो किंचित हिरवट भासतो. मोहरी घेतली की निळसर. ती सोमवारी राणी घेऊन गेली, गुरुवारी मोहरी. डब्यातल्या रोजच्या मैत्रिणीने कुर्त्याची बाही चिमटीत धरून विचारलं, "अगं, हा निळसर नवीन घेतलास का?"

तो तिसऱ्या वर्षातला होता.