जर-तरची उलटी वाट

घरोघरीं रोज जे लहानसहान वाद होतात, त्यांतील बहुतेकांचा सारा पसारा दोन वाक्यांचा असतो. “अंगण ओलें आहे, रात्रीं पाऊस पडला.” “पाणी स्वच्छ दिसतें. पिण्यास हरकत नाहीं.” बोलणाऱ्याच्या मनांत एक तिसरें वाक्यहि असतें, परंतु तें त्याला इतकें उघड वाटतें कीं तो तें उच्चारीत नाहीं. दोष लपतो तो बहुधा या न उच्चारलेल्या वाक्याच्या आडोशाला. अशा वादांत वारंवार आढळणारे दोन दोष कसे ओळखावे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

न उच्चारलेलें वाक्य बहुतेक वेळां ‘जर-तर’चें असतें. “जर रात्रीं पाऊस पडला, तर पहाटें अंगण ओलें असतें.” याचा ‘जर’कडील भाग तें पूर्वांग आणि ‘तर’कडील भाग तें उत्तरांग. हें वाक्य खरें धरून चाललें, तर आपल्यापुढें चार वाटा फुटतात. पाऊस पडला, म्हणून अंगण ओलें असणार; ही पहिली. अंगण कोरडें आहे, म्हणून पाऊस पडला नसणार, ही दुसरी. या दोन्ही वाटा निर्धोक आहेत. अंगण ओलें आहे, म्हणून पाऊस पडला, ही तिसरी. पाऊस पडला नाहीं, म्हणून अंगण कोरडें असणार, ही चौथी. या दोन्ही वाटा फसव्या आहेत. कारण पहाटें उठून कोणी सडा घातला असेल किंवा नळ रात्रभर गळत राहिला असेल. तिसऱ्या वाटेला उत्तरांगस्वीकाराचा दोष म्हणतात व चौथीला पूर्वांगनिषेधाचा दोष म्हणतात. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल यानें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत हेत्वाभासांवर लिहितांना पाऊस आणि ओली जमीन यांचेंच उदाहरण घेतलें होतें. यावरून ही खोड किती जुनी आहे हें ध्यानांत यावें.

दोष दोन दिसले तरी त्यांचें मूळ एक आहे. ‘जर-तर’ची वाट एकेरी असते, ती दुहेरी समजली कीं दोन्ही दोष घडतात. पावसाकडून ओल्या अंगणाकडे जातां येतें, म्हणून ओल्या अंगणाकडून पावसाकडेहि तितक्याच निश्चयानें परततां येईल, असें मन धरून चालतें.

हा एकेरीपणा आपल्याकडील नैयायिकांनीं मोठ्या मार्मिकपणें दाखविला आहे. डोंगरावर धूर दिसला कीं तेथें अग्नि आहे असें अनुमान करावें, हें त्यांचें प्रसिद्ध उदाहरण. जेथें धूर तेथें अग्नि, हा नियम त्यांना मान्य आहे. परंतु जेथें अग्नि तेथें धूर, हा नियम त्यांना मान्य नाहीं. कां? तर तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पाहा. त्यांत अग्नि आहे, पण धूर नाहीं. धूर निघण्यास अग्नीच्या जोडीला ओलें सरपण लागतें. सतराव्या शतकांतील अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हा विद्यार्थ्यांचा पहिला ग्रंथ; त्यांतहि उपाधीच्या चर्चेंत हा लोखंडाचा गोळा येतो. आपल्या कामासाठीं या गोळ्याचें मोल असें कीं, शंभर चुलींतून धूर निघतांना दिसला तरी एक तापलेला गोळा उलट्या नियमाचा निकाल लावण्यास पुरेसा होतो.

म्हणून दोष ओळखण्याची रीत सोपी आहे. प्रथम मनांतलें ‘जर-तर’ स्पष्ट शब्दांत मांडावें. नंतर बोलणाऱ्यानें हातीं घेतलेली गोष्ट त्यांतील कोणत्या अंगाची आहे आणि ती होकारार्थी आहे कीं नकारार्थी, हें पाहावें. उत्तरांगाचा होकार किंवा पूर्वांगाचा नकार दिसला कीं थांबावें आणि विचारावें, “येथें एखादा लोखंडाचा गोळा सांपडतो काय?” म्हणजे उत्तरांग खरें आणि पूर्वांग मात्र खोटें, असा एक तरी प्रसंग दाखवितां येतो काय? तसा प्रसंग सांपडला, तर निष्कर्ष सिद्ध झाला नाहीं असें समजावें. तो खोटा ठरला असें मात्र समजूं नये. अंगण ओलें असतांना पाऊसहि खरोखर पडलेला असूं शकतो.

एक अडचण येथें सांगितली पाहिजे. मनांतलें वाक्य कोणतें होतें, याविषयीं बोलणारा कधीं कधीं अंग काढून घेतो. घरांत अंगठी सांपडेनाशी होते. कामाला येणाऱ्या बाईला विचारतांच तिचा चेहरा उतरतो, आणि कोणी म्हणतें, “पाहा, कशी घाबरली! हिनेंच घेतली.” “चोरी केली असेल तर मनुष्य घाबरतो,” हें मनांतलें वाक्य असेल, तर हा उघड उत्तरांगस्वीकार झाला. हें दाखवून दिलें कीं उत्तर येतें, “मी तसें म्हटलेंच नाहीं. निर्दोष असती तर ती घाबरली नसती, असें माझें म्हणणें.” आतां मांडणी बदलली. उत्तरांग खोटें ठरलें म्हणून पूर्वांग खोटें, ही आपली दुसरी, निर्धोक वाट. परंतु दोष गेला नाहीं. तो फक्त मांडणींतून निघून मूळच्या वाक्यांत जाऊन बसला. निर्दोष माणसें घाबरत नाहींत, हें वाक्यच खोटें आहे. जिची रोजी आणि अब्रू एका शब्दावर अवलंबून आहे, ती निर्दोष असूनहि घाबरते. वाद कोणत्याहि रूपानें आला तरी तोच लोखंडाचा गोळा त्याला अडवितो. म्हणून शब्दांच्या रूपाविषयीं भांडत बसण्यापेक्षां तो प्रसंग पुढें ठेवावा हें बरें.

आतां एक खरी घडलेली हकीकत पाहूं. इ. स. १८५४ च्या ऑगस्टच्या अखेरीस लंडनच्या सोहो भागांत ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास पटकीचा भयंकर उद्भव झाला आणि सुमारें दहा दिवसांत पांचशेंहून अधिक माणसें दगावलीं. पटकी दूषित हवेनें होते, असें त्या काळच्या बहुतेक जाणत्यांचें मत होतें. डॉक्टर जॉन स्नो यांचा तर्क निराळा होता. ती पाण्यांतून पसरते असें ते म्हणत आणि त्यांचा संशय त्या रस्त्यावरच्या पंपावर होता.

तीन सप्टेंबरच्या सायंकाळीं त्यांनीं पंपाचें पाणी तपासलें. त्यांत घाण इतकी थोडी आढळली कीं त्यांचें मन क्षणभर डळमळलें. येथें पूर्वांगनिषेधाचा सांपळा मांडलेलाच होता. “पाणी घाणेरडें दिसलें तर तें घातक, हें तसें दिसत नाहीं, म्हणून घातक नाहीं.” स्नो या सांपळ्यांत अडकले नाहींत. डोळ्यांना न दिसणारें विष पाण्यांत असूं शकतें, हें ओळखून त्यांनीं शोध चालूं ठेविला.

दुसरा सांपळा याहून मोहक होता. मृत्यु पंपाच्या भोंवतीं दाटले होते. “पंपाचें पाणी कारण असेल, तर मृत्यु पंपाभोंवतीं अधिक होतील, तसे ते झाले आहेत, म्हणून पाणीच कारण.” निष्कर्ष खरा होता, पण वाट फसवी होती; कारण हवावादीहि तोच पुरावा पुढें करून म्हणूं शकत होते, “त्या भागांतील हवा कारण असेल, तरीहि मृत्यु तेथेंच अधिक होतील.” एकच उत्तरांग दोन्ही पूर्वांगांना सारखेंच जुळत होतें; म्हणून त्यानें दोहोंपैकीं कोणाचीच बाजू सिद्ध होत नव्हती.

मग स्नोंनीं काय केलें? जेथें हवा एक गोष्ट सांगेल आणि पाणी दुसरी, अशीं स्थळें त्यांनीं हुडकलीं. पोलंड स्ट्रीटवर एक अनाथगृह होतें. त्यांत ५३५ माणसें राहात होतीं आणि सभोंवारच्या घरांत मृत्यूचें थैमान चाललें होतें. तरी आंत पटकीनें मेले ते फक्त पांच. त्या गृहाची स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच बिअर गाळण्याचा एक कारखाना होता. तेथील सत्तरांहून अधिक कामगारांपैकीं एकहि दगावला नाहीं. ते बिअर पीत, पंपाकडे सहसा फिरकत नसत. आतां वाद आपल्या दुसऱ्या वाटेनें चालूं लागला: तेथील हवाच कारण असती, तर हीं माणसेंहि इतरांप्रमाणें मेलीं असतीं, तीं मेलीं नाहींत, म्हणून केवळ हवा हें कारण नव्हे. उलट बाजूनें, दूर हॅम्पस्टेड येथें राहणारी एक विधवा पटकीनें वारली; तिच्या आसपास पटकी नव्हती. चौकशी केली तेव्हां कळलें कीं तिला ब्रॉड स्ट्रीटचें पाणी आवडे आणि तें ती मुद्दाम मागवून घेई. सोहोची हवा तिच्यापर्यंत पोंचली नव्हती; पाणी पोंचलें होतें.

आठ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यांत आला आणि सांथ विझली. पुष्कळ जण ही गोष्ट येथेंच संपवितात व म्हणतात, “पंप कारण असेल तर दांडा काढल्यावर सांथ ओसरेल, ती ओसरली, म्हणून पंपच कारण.” पाहा, पुन्हां तीच तिसरी वाट! दांडा निघण्यापूर्वींच सांथ उतरणीला लागली होती, कारण पुष्कळ लोक तो भाग सोडून पळाले होते. हें स्वतः स्नोंनींच नमूद केलें आहे. त्यांची बाजू बळकट झाली ती दांड्यामुळें नव्हे. अनाथगृह, कारखाना आणि ती विधवा यांच्यामुळें.

यावरून ओलें अंगण, घाबरलेला चेहरा किंवा पंपाभोंवतालचे मृत्यु यांना कांहींच किंमत नाहीं, असें कोणी समजूं नये. तीं चिन्हें आहेत. शोध कोठें करावा हें तीं सांगतात. स्नोहि त्याच दाटीकडे पाहून पंपापाशीं आले होते. चिन्हाला निकाल समजणें एवढेंच चुकीचें. इतर कारणें एकेक करून बाद होत गेलीं, तर चिन्हाचें वजन वाढत जातें.

आणखी एक मर्यादा आहे. वडील मुलाला म्हणतात, “पहिला नंबर आणलास तर सायकल देईन.” नंबर हुकला आणि मुलगा समजला कीं सायकल मिळणार नाहीं, तर त्यानें पूर्वांगनिषेधाचा दोष केला असें म्हणणें हा निव्वळ पोथीपणा होईल. वचनांत आणि धमकींत आपण ‘तर’ म्हणतों तेव्हां पुष्कळदां आपल्या मनांत ‘तरच’ असतें आणि ऐकणाराहि तें तसेंच घेतो. ‘तरच’ आला कीं वाट दुहेरी होते व परत येण्यास प्रत्यवाय राहात नाहीं. पाऊस, ताप, पाणी यांनीं मात्र कोणाला वचन दिलेलें नसतें. त्यांच्याविषयींच्या वाक्यांत ‘तर’चा ‘तरच’ आपण आपल्याच पदरचा करीत असतों.

तेव्हां पुढच्या वेळीं कोणी “म्हणून” हा शब्द उच्चारील, तेव्हां त्याच्या मागचें ‘जर-तर’ त्यालाच स्पष्ट शब्दांत सांगावयास लावावें, आणि मग “येथें ‘तर’ आहे कीं ‘तरच’?” एवढें शांतपणें विचारावें. अंगठीच्या वादांत हा प्रश्न कोणी वेळेवर विचारला, तर त्या बाईचें नांव घेण्यापूर्वीं घरांतील कपाटें आणि खण तरी एकदां नीट पाहिले जातील.