हंटिंग्टन आजार: दोष जन्मापासून, मग त्रास चाळिशीतच का?

चाळीस-बेचाळीस वर्षांचा माणूस. आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. पण मुंब्र्याच्या बाजारातून चालताना त्याचा पाय असा पडतो की लोक कुजबुजतात, ‘पिऊन आला वाटतं.’ जमातीत उभा राहिला की बोटं आपोआप हलत राहतात. घरी विचारलं तर बायको सांगते, ‘चालीचं सोडा, दोन-तीन वर्षांपासून यांचा स्वभावच बदललाय. क्षुल्लक गोष्टीवरून भडकतात, नाहीतर दिवसभर गप्प बसून राहतात.’ मग कोणी म्हणतं कामाचं टेन्शन आहे, कोणी म्हणतं असर आहे, आमिलकडे न्या.

अशा घरात एक प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. याच्या अब्बांना किंवा अम्मीला, चाचाला, फुफीला, दादा-दादी किंवा नाना-नानीला असंच काही झालं होतं का? उत्तर ‘हो’ असेल तर ज्या आजारांचा विचार करावा लागतो त्यात एक आहे हंटिंग्टन. 1872 मध्ये जॉर्ज हंटिंग्टन या तरुण अमेरिकन डॉक्टरने त्याचं नेमकं वर्णन केलं, म्हणून हे नाव. आजार विरळ आहे. पण ज्या घरात आहे तिथे तो पिढ्यान्‌पिढ्या चालत राहतो, आणि बहुतेक वेळा मुलं जन्मून मोठी झाल्यावरच समोर येतो. असं का होतं, तेच आज आम्ही समजावून सांगतो.

एक शब्द, गरजेपेक्षा जास्त वेळा

आपल्या प्रत्येक पेशीत शरीराची लिखित माहिती असते. ती चारच अक्षरांत लिहिलेली असते, आणि तिचे वेगवेगळे धडे म्हणजे जनुकं. चौथ्या गुणसूत्रावर असा एक धडा आहे ज्यात ‘सीएजी’ हा तीन अक्षरी शब्द लागोपाठ येतो. बहुतेकांमध्ये तो पंधरा-वीस वेळा येतो. 26 पर्यंत आकडा असेल तर सगळं ठीक. 40 किंवा त्याहून जास्त असेल तर माणूस पुरेसं जगला की आजार होतोच. 36 ते 39 मध्ये होईल किंवा होणारही नाही. 27 ते 35 वाल्यांना स्वतःला सहसा त्रास होत नाही, पण पुढच्या पिढीत आकडा वाढू शकतो.

हे शोधायला जगाला बराच वेळ लागला. व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराच्या काठच्या गावांमध्ये हा आजार असलेली मोठी घराणी आहेत. नॅन्सी वेक्सलर या मानसशास्त्रज्ञ, ज्यांच्या स्वतःच्या आईला हंटिंग्टन होता, वर्षानुवर्षं तिथे जात राहिल्या. त्यांनी वंशावळी लिहिल्या, रक्ताचे नमुने गोळा केले. त्या नमुन्यांच्या मदतीने 1983 मध्ये दोष चौथ्या गुणसूत्रावर आहे हे कळलं, आणि 1993 मध्ये जनुक आणि त्यातला तो वाढलेला शब्द सापडला.

वारसा कसा जातो

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक अम्मीकडून आणि एक अब्बांकडून. हंटिंग्टनमध्ये दोनपैकी एक प्रत बिघडलेली असली तरी पुरते. इथे आपल्या घरांमध्ये हमखास गल्लत होते. थॅलेसेमियासारख्या आजारात दोन्हीकडून दोष यावा लागतो, म्हणून नात्यात लग्न झालं तर धोका वाढतो. हंटिंग्टनचं तसं नाही. ‘चाचाच्या मुलीशी लग्न केलं म्हणून झालं’ असं म्हणणं चुकीचं, आणि ‘आम्ही बाहेरची सून आणली, आता काळजी नाही’ हेही चुकीचं. दोष असलेल्या माणसाने कुणाशीही लग्न केलं तरी प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो की मुलगी.

समजा, कल्याणच्या एका घरातल्या अब्बांची रक्ततपासणी झाली आणि रिपोर्टमध्ये 17 आणि 43 असे दोन आकडे आले. म्हणजे एक प्रत ठीक, दुसरी वाढलेली. त्यांना तीन मुलं आहेत. तिघांपैकी ‘दीड’ जणांना होईल असा हिशेब नसतो. प्रत्येक मुलाच्या वेळी नाणं नव्याने उडतं. तिघांनाही 17 वाली प्रत मिळू शकते, तिघांनाही 43 वाली मिळू शकते. ज्याला 17 वाली मिळाली त्याच्यापाशी साखळी तुटली. त्याच्या मुलांना हा आजार या बाजूने येत नाही. म्हणजे हा आजार पिढी सोडून उडी मारत नाही. ‘मधली पिढी सुटली’ असं वाटतं तेव्हा बहुधा मधला माणूस लक्षणं दिसण्याआधीच दुसऱ्या कारणाने वारलेला असतो, किंवा त्याचा आजार कुणी ओळखलेला नसतो.

आणखी एक गोष्ट. हा आकडा पुढे जाताना बदलू शकतो, आणि मोठी वाढ बहुतेक वेळा वडिलांकडून येताना होते. आकडा 60 च्या वर गेला तर आजार विशीच्या आतही सुरू होतो. अशा मुलांमध्ये अंग हलण्यापेक्षा अंग ताठरणं, शाळेत मागे पडणं आणि कधी फिट येणं जास्त दिसतं.

मग चाळीस वर्षं शांतता का?

अब्बांचा 43 हा आकडा जन्माच्या दिवशीही होता. तरी ते शाळेत शिकले, डोंबिवली एमआयडीसीत नोकरी केली, वीस वर्षं गर्दीच्या लोकलमध्ये लटकून गेले. दोष होता तर एवढी वर्षं तो काय करत होता?

वर्गात आम्ही मुलांना एकच शब्द वीस वेळा लिहायला सांगतो तेव्हा काय होतं? मूल मोजणी विसरतं आणि एखादा शब्द जास्तच लिहून बसतं. पेशीचंही तसंच होतं. पेशी आपल्या लिखाणाची सतत दुरुस्ती करत असते. एकसारखे शब्द लागोपाठ आले की दुरुस्ती करणारी यंत्रणा तिथे घसरते आणि एखादा शब्द वाढवून टाकते. रक्ताच्या पेशींत ही वाढ थोडी असते. पण मेंदूच्या खोल भागात स्ट्रायटम नावाची जागा आहे. तिथल्या काही पेशींत ही वाढ वर्षानुवर्षं चालूच राहते.

2025 मध्ये अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूट आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी मरणोत्तर दान केलेल्या मेंदूंतल्या एकेका पेशीतला आकडा मोजून दाखवला. जन्माच्या वेळचा चाळीसेक आकडा सुरुवातीला फार सावकाश वाढतो. 80 पर्यंत पोहोचायला काही दशकं लागतात. त्यानंतर वेग वाढतो, आणि 80 वरून 150 व्हायला काही वर्षंच पुरतात. 150 च्या आत पेशी जवळजवळ नेहमीसारखी काम करत असते. ती रेषा ओलांडली की पेशी आपलं काम विसरत जाते आणि शेवटी मरते. सगळ्या पेशी एकाच दिवशी ती रेषा ओलांडत नाहीत. आज काही, पुढच्या वर्षी आणखी काही. पुरेशा पेशी गेल्या की घरच्यांना फरक दिसू लागतो, आणि तो काळ बहुतेकांच्या बाबतीत पस्तीस ते पन्नासच्या आसपास येतो.

जन्माचा आकडा जितका मोठा, तितका हा प्रवास छोटा. पण 43 वाल्या दोन माणसांत सुरुवातीच्या वयाचा फरक बराच असू शकतो, कारण दुरुस्ती यंत्रणेची जनुकं प्रत्येकाची थोडी वेगळी असतात. म्हणून रिपोर्ट बघून ‘अमुक वर्षी आजार सुरू होईल’ असं कुणीही सांगू शकत नाही. याच दुरुस्ती यंत्रणेचा वेग कमी करून आकड्याची वाढ रोखता येईल का, यावर सध्या संशोधन चालू आहे.

हालचाल आणि मन, दोन्ही एकाच जागी

स्ट्रायटम फक्त हातपाय हलवत नाही. कोणती हालचाल सोडायची आणि कोणती दाबायची हे तिथे ठरतं. राग आवरणं, कामाला सुरुवात करणं, दोन गोष्टींत निवड करणं, यांचे मार्गही तिथूनच जातात. आजारात आधी त्या पेशी जास्त जातात ज्या नको असलेल्या हालचालींना ब्रेक लावतात. ब्रेक सैल झाला की बोटं, खांदे, भुवया आपोआप हलतात. पुढे बाकीच्या पेशीही गेल्या की उलट होतं. अंग जड आणि ताठ होतं, बोलणं अडखळतं, घास गिळताना ठसका लागतो.

मनाचे मार्गही तिथेच असल्याने चिडचिड, उदासी आणि कशातच रस नसणं ही लक्षणं कधीकधी हालचालींच्या काही वर्षं आधी येतात. हा आळस नाही, इमान कमजोर झाल्याची खूण नाही आणि बायकोशी बिनसल्याचाही परिणाम नाही. इथे डॉक्टरांकडेही गफलत होऊ शकते. माणूस आधी मानसोपचाराला जातो, गोळ्या सुरू होतात, आणि नंतर अंग हलायला लागलं की सगळं गोळ्यांवर ढकललं जातं. काही गोळ्यांनी अंग हलतं हे खरंच आहे, म्हणून घराण्याचा इतिहास डॉक्टरांना आपणहून सांगायला हवा.

न्यूरॉलॉजिस्ट साध्या गोष्टी बघतात. जीभ दहा सेकंद बाहेर ठेवता येते का, बोट धरल्यावर पकड एकसारखी राहते का, एका सरळ रेषेत चालता येतं का, डोळे चटकन एका बाजूवरून दुसरीकडे जातात का. थायरॉइड आणि इतर आजारांतही असं होऊ शकतं. शेवटचा निकाल रक्तातून जनुकाचा आकडा मोजूनच लागतो. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये या आजारावर बरीच वर्षं काम चालू आहे.

तपासणी आणि रिश्ते

आजार मुळातून थांबवणारं औषध आज नाही. पण हालचाली कमी करायला टेट्राबेनाझिन दिलं जातं. त्याने उदासी वाढू शकते, म्हणून घरच्यांनी मनावरही लक्ष ठेवायचं. उदासीवर वेगळे उपचार आहेत आणि ते लागू पडतात. या आजारात आत्महत्येचा धोका वाढलेला असतो. माणूस मरणाची भाषा करू लागला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. सतत हलण्यामुळे शरीराची ताकद जास्त खर्च होते आणि वजन उतरतं. म्हणून ताटात तूप, दूध, खजूर जास्त असू द्या, आणि ठसका लागत असेल तर जेवण मऊ करून द्या.

अब्बांचा रिपोर्ट आला की घरात लगेच कोणी म्हणतं, ‘तिन्ही मुलांचं रक्त तपासून टाका, रिश्ते बघायचेत.’ इथे थांबायला हवं. तब्येत ठणठणीत असलेल्या अल्पवयीन मुलाची ही तपासणी जगभर केली जात नाही, कारण त्या उत्तरावर आज करण्यासारखा उपचार नाही, आणि एकदा कळलेलं विसरता येत नाही. अठरा वर्षांनंतर तपासणी करायची की नाही हे त्या मुलाने किंवा मुलीनेच ठरवायचं, आणि तेही आधी जनुकीय सल्लागाराशी बोलून. ‘मला जाणून घ्यायचं नाही’ हेही पूर्ण उत्तर आहे. मात्र निकाहाची बोलणी सुरू झाली की अब्बांना हंटिंग्टन आहे ही गोष्ट समोरच्या घरापासून लपवू नये. आकडा माहीत नसला तरी ‘शक्यता निम्मी आहे’ एवढं सांगता येतं. मूल हवं असलेल्या जोडप्याला गर्भाची तपासणीही शक्य असते. पण त्यानंतर काय करायचं हा प्रश्न मोठा आहे, म्हणून डॉक्टरांशी आणि भरवशाच्या आलिमशी गरोदरपणाच्या आधीच बोलून घ्यावं.

आणि बाजारात ज्याची चाल बघून लोक कुजबुजतात, त्याच्या खिशात डॉक्टरांची चिठ्ठी ठेवून द्यावी. पोलीस किंवा टीसीने अडवलं तर ती दाखवता येते.