चार दिवसांनी उघडलेला मसुदा

लेख संपल्या संपल्या वाचला, तर लेखक कागदावरचं वाचत नाही. मनात जे होतं तेच वाचतो. गळलेला शब्द डोळा आपणच भरून घेतो. म्हणून मसुदा चार दिवस बाजूला ठेवायचा. स्टीफन किंग कादंबरीसाठी किमान सहा आठवडे सांगतात.

दुसऱ्या वाचनात आधी मजकूर पाहावा, शुद्धलेखन शेवटी. समजा, मसुद्यात असं वाक्य आहे: ‘विहिरीची पातळी खालावल्याने टँकरची मागणी करण्यात आली असून ती अद्याप पूर्ण करण्यात आलेली नाही.’ लिहिताना ते ठाकठीक वाटलं होतं. चार दिवसांनी प्रश्न पडतात: मागणी कोणी केली? कोणाकडे? कधी? ‘करण्यात आली’ने कर्ताच गिळलाय. टिपणवही उघडली की वाक्य सुधारतं: ‘विहिरीची पातळी खालावली, म्हणून सरपंचांनी ३ एप्रिलला तहसीलदारांकडे टँकर मागितला. तो अजून आलेला नाही.’

मग मोठ्याने वाचावं. जिथे दम लागतो, तिथे वाक्य तोडावं. पहिला परिच्छेद झाकून पाहावा. लेख दुसऱ्यापासून नीट सुरू होत असेल, तर पहिला काढावा.

विश्रांतीने एक चूक मात्र सापडत नाही. तारीख मुळातच चुकीची लिहिली असेल, तर ती महिन्यानंतरही बरोबरच वाटते. नावं, आकडे आणि तारखा टिपणवहीशी एकेक करून ताडाव्या लागतात.