मीठ चोरीला, मिरी तिजोरीत

समजा, एखाद्या सेवेचा डेटाबेस चोरीला गेला. त्यात प्रत्येक खात्याचा सॉल्ट आणि हॅश शेजारीशेजारी असतात. सॉल्टमुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळे दिसतात. पण तो सॉल्ट चोरालाही मिळतो. मग तो `Ganpati@123` घेतो, तुमचा सॉल्ट मिसळतो आणि हॅश जुळतो का ते पाहतो.

ड्रॉपबॉक्सने 2016 मध्ये आपली पद्धत जाहीर केली. बीक्रिप्टने काढलेला हॅश ते एईएस-256 ने पुन्हा कुलूपबंद करत. त्याची गुप्त किल्ली म्हणजे ‘पेपर’, आपली मिरी; ती डेटाबेसबाहेर असते. ती नसेल तर चोराला आपला अंदाज बरोबर की चूक, हे कळतच नाही. शिवाय किल्ली बदलायची झाली तर जुने हॅश उलगडून नव्या किल्लीने बंद करता येतात.

ही किल्ली फाइलीत नको, एचएसएम या हार्डवेअर तिजोरीतच हवी, असं माझं ठाम मत आहे. तिथे उलगडणं आतल्या आत होतं, किल्ली बाहेर पडत नाही. सर्व्हरच ताब्यात आला, तर चोर तिजोरीकडून हॅश उलगडून घेऊ शकतो. मात्र प्रत्येक खात्यासाठी त्याला वेगळी विनंती करावी लागते. लॉगिन शंभर आणि विनंत्या लाखभर दिसल्या, की तिजोरी ताबडतोब बंद करावी.